नकाराच्या ई-मेलमध्ये रुब्रिकमधलं किती सांगावं?

"मुलाखतीत आम्ही रुब्रिकवर, म्हणजे ठरलेल्या निकषांच्या तक्त्यावर, गुण देतो. नाकारलेल्या उमेदवाराला त्यातलं काय कळवायचं? खरं सांगितलं तर तो दुखावेल, आणि मोघम लिहिलं तर त्याला काहीच उपयोग नाही."

आकडा कळवू नका. तो आकडा ज्यामुळे पडला ते कळवा.

हे मी चुकून शिकलो. एकदा एका उमेदवाराला मी लिहिलं होतं, "संवादकौशल्य थोडं कमी पडलं." आमच्या रुब्रिकमधल्या निकषाचं नावच ते होतं, त्यामुळे मला वाटलं, प्रामाणिकपणे लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: "मी बोलताना अडखळतो, त्यामुळे का?" अडखळण्याचा काही संबंधच नव्हता. आमच्या टिपणात नोंद होती ती वेगळीच: मुद्दा शेवटी येतो, शिफारस येत नाही. पण निकषाचं नुसतं नाव कळवलं की समोरचा त्यात आपल्या मनातली भीती भरतो.

तेव्हापासून मी ई-मेल लिहिण्याआधी टिपणं उघडतो. डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेचं उदाहरण घ्या. चार निकष, प्रत्येकी १ ते ५ गुण, आणि प्रत्येकात किमान ३ हवेत. उमेदवाराला प्रश्न समजून घेण्यात ४, डेटा साफ करण्यात ४, सहकार्यात ३ आणि निष्कर्ष मांडण्यात २. सरासरी सव्वातीन, म्हणजे वरवर पाहता पास. हे आकडे पाठवले असते तर "सरासरी तर तीनच्या वर आहे" किंवा "२ का, ३ का नाही?" असा वाद सुरू झाला असता, आणि तो वाद घालायला त्यांना जागाही होती. मी पाठवलं ते असं:

"नमस्कार. डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी आपली निवड झालेली नाही. आपण चाचणीसाठी वेळ दिलात, म्हणून कारणही कळवतो. एकच ग्राहक दोन नावांनी आला होता, ते आपण ओळखलंत आणि नोंदी एकत्र का केल्या हेही लिहिलंत. ते काम आमच्या अपेक्षेपेक्षा चांगलं होतं. निवडीसाठी प्रत्येक निकषात किमान पातळी लागते, आणि 'निष्कर्ष मांडणे' यात ती गाठली गेली नाही. ग्राहक कोणत्या टप्प्यावर सोडून जातात, या प्रश्नाचं उत्तर अकराव्या स्लाइडवर आलं, आणि आता काय करावं असं विचारल्यावर आपण 'आणखी डेटा लागेल' इथे थांबलात. या कामात हाती असलेल्या डेटावर शिफारस करून ती किती भरवशाची आहे हे सांगावं लागतं. पुढच्या वेळी उत्तर पहिल्या स्लाइडवर ठेवा, त्याखाली एक शिफारस, आणि ती कशामुळे चुकू शकते याची एक ओळ. धन्यवाद."

नकार पहिल्या-दुसऱ्या वाक्यातच आहे, कारण आधी कौतुक वाचलं की माणूस निवड झाली असं समजून पुढे वाचतो. कौतुकही चाचणीत दिसलेल्या कामाचंच आहे. "आपली प्रोफाइल उत्तम आहे" वगैरे लिहू नका, त्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. उणिवेच्या भागात "आपण" कमी आणि "उत्तर", "स्लाइड" जास्त आहे, हे मुद्दाम. "आपल्याला मांडणी जमत नाही" हा माणसावरचा शेरा झाला. अकरावी स्लाइड तो स्वतः उघडून पाहू शकतो.

पाठवण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही उणीव नसती, तर आपण या माणसाला घेतलं असतं का? उत्तर "नाही" असेल तर ते कारण खोटं आहे. एखादा उमेदवार सगळ्या किमान पातळ्या ओलांडतो आणि जागा मात्र एकच असते. अशा वेळी "किमान पातळी पूर्ण होती, दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली" एवढंच लिहायचं. उगाच उणीव शोधून दिली तर तो बिचारा दोन महिने नको ती गोष्ट सुधारत बसेल. दुसऱ्याचे गुण किंवा तुलना अर्थातच नाही. मुलाखत घेणाऱ्या दोघांनी एकाच निकषात २ आणि ४ दिले असतील, तर तो निकषही कारण म्हणून वापरत नाही. तिथे गोंधळ आमचाच असतो.

"आपला बायोडेटा जपून ठेवू" हे वाक्य तुम्ही खरोखर तो पुन्हा उघडणार असाल तरच लिहा. आणि उलट उत्तर आलं तर एकदा, मुद्द्यापुरतं लिहा. वरच्या उमेदवाराने विचारलं होतं, शिफारस चुकली असती तर गुण गेले असते का. मी लिहिलं, "नाही. कारणासह दिलेली चुकीची शिफारसही तिसऱ्या पातळीत बसते."