देवनागरी ही भाषा की लिपी?

प्रश्न: फॉर्ममध्ये भाषेच्या रकान्यात ‘देवनागरी’ लिहिलं तर काय बिघडतं? मराठीच ना ती?

भाषेची माहितीच हरवते, कारण देवनागरी ही फक्त लिपी आहे आणि हिंदी, नेपाळी, संस्कृतही तिच्यातच लिहितात. घोळ युनिकोडमुळे, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीमुळे वाढतो: तिथे अक्षरांचा गट लिपीच्या नावाने आहे, त्यामुळे ‘कमल’ हा शब्द मराठी की हिंदी हे संगणकाला नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. म्हणून भाषा वेगळी सांगावी लागते, उदा. वेबपानावर:

```
<p lang="mr">शाल</p>
```

यात `mr` म्हणजे मराठी, `hi` म्हणजे हिंदी; लिपीची खूण वेगळी, `Deva`. काही फॉन्ट भाषेची खूण वाचूनच मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. ती नसेल तर हिंदी वळण येतं, आणि लोक उगाच फॉन्टला नावं ठेवतात. उलट बाजूही आहे: मराठी शतकानुशतकं मोडीतही लिहिली गेली, तिची खूण `mr-Modi`. बोलींना मात्र ही शिस्त पुरत नाही. मालवणीला कोणी मराठीची बोली म्हणतं, कोणी कोकणीची, आणि लिपी पाहून तो वाद सुटत नाही.