टोकनच्या आदल्या रात्रीचा फोन

प्रश्न: लग्नाला तीन वर्षं झाली. आम्ही ऐरोलीत भाड्याने राहतो, दोघंही नोकरी करतो. सासू-सासरे साताऱ्याला असतात. नवरा मनाने चांगला आहे, पण फ्रिज घ्यायचा तरी आधी बाबांना फोन. कासारवडवलीत ९५ लाखांचा फ्लॅट दोघांनी पसंत केला. टोकन द्यायच्या आदल्या रात्री फोन झाला आणि ‘बाबा नको म्हणतात’ एवढ्यावर सगळं थांबलं. मी बोलले की भांडण होतं. काय करू?

उत्तर:

‘बाबा नको म्हणतात’ याच्या पुढे नवऱ्याने काय सांगितलं, तिथून सुरुवात करा. ‘बाबा म्हणतात, बिल्डिंगला ओसी नाही’ किंवा ‘उन्हाळ्यात त्या भागात टँकरवर दिवस काढावे लागतात’ असं काही सांगितलं असेल, तर तो सल्ला घेऊन आलाय. ओसी म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, तो मागता येतो; पाण्याचं आधीच राहायला आलेल्यांना विचारता येतं, आणि कासारवडवलीसारख्या घोडबंदर रोडवरच्या भागात ते विचारायलाच हवं. पण कारण न सांगता नुसता नकार घेऊन आला असेल, तर त्याने सल्ला नाही, परवानगी मागितली होती आणि ती मिळाली नाही. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

तुमच्या लिहिण्यावरून हे दुसरं वाटतं. अशा माणसाला स्वतःचं मत नसतं असं नाही. ठरवायची वेळ जवळ आली की त्याला बेचैनी होते, फोन केला की ती उतरते. मग पुढच्या वेळी फोन आणखी लवकर होतो. फ्रिज आणि फ्लॅट दोन्हींना तोच फोन लागतो तो यामुळे. प्रश्न किमतीचा नाहीच. म्हणून ‘तुला स्वतःचं डोकं नाही का’ म्हटल्याने त्याची बेचैनी वाढते आणि तो पुन्हा फोनकडे वळतो. ‘आई-बाबा की मी’ असं विचारलंत तरी तेच होईल. दबावाखाली तो तुमच्या बाजूने ठरवेलही, पण घरात पहिली गळती लागली की ‘तुझ्या हट्टापायी घेतलं’ हे तुम्हाला ऐकावं लागेल.

फोन बंद करायला सांगू नका, पुष्कळ जोडपी तिथेच फसतात. फोन कधी होतो आणि तो काय विचारतो, एवढंच बदलायचं. आज तो ‘बाबा, फ्लॅट बघितलाय, काय करू?’ असं विचारत असणार. कोऱ्या प्रश्नाला समोरून निर्णयच येणार; त्यात बाबांचा दोष नाही. त्याऐवजी फोनच्या आधी तुमच्या दोघांचं मत कागदावर हवं. अर्धं पान पुरे: बजेट, हप्ता किती झेपतो, ऑफिसला जायला लागणारा वेळ, आणि कुठल्या कारणाने आपण हा फ्लॅट सोडू. शेवटचा मुद्दा त्याच्याच हातून लिहून घ्या. मग त्याने म्हणायचं, ‘बाबा, आम्ही हा फ्लॅट घ्यायचं ठरवतोय. कागदपत्रांत किंवा जागेत काही खटकतंय का, रविवारपर्यंत सांगा. सोमवारी आम्ही कळवणार आहोत.’ यात विचारणं आहे, मान आहे, मुदत आहे, आणि ठरवणारे कोण हेही स्पष्ट आहे. ‘आम्ही’ हा शब्द त्याच्याच तोंडून यायला हवा. ‘ती म्हणते’ आलं की तिकडे सून विरुद्ध सासरे असा सामना लागतो आणि तो मधला पोस्टमन होतो. याच कारणाने सासऱ्यांना पटवायला तुम्ही फोन घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

पण याची तालीम ९५ लाखांवर करू नका. आधी महिनाभर दोघांनी मिळून नोंद ठेवा: काय ठरवायचं होतं, कोणाला विचारलं, ठरलेलं नंतर फिरलं का. मग त्यातले चार-पाच छोटे विषय निवडा, जसं सुट्टीत कुठे जायचं किंवा वॉशिंग मशीन कुठलं घ्यायचं. हे ठरवून, करून, मग घरी कळवायचं. निर्णय आणि फोन यांत दोन दिवस जाऊ द्या. त्या दोन दिवसांत त्याची चिडचिड होईल, झोप उडेल. ती आपोआप उतरते हा अनुभव त्याला यायला हवा. तिकडूनही सुरुवातीला रुसवे येतील, ‘आता आम्हाला कोण विचारतं’ हे येईल, नातेवाइकांमार्फत निरोप येतील. हे थोडे आठवडे वाढून मग ओसरतं. बहुतेक जण याच टप्प्यावर माघार घेतात, आणि मग घरात सगळ्यांना कळतं की जोर लावला की निर्णय फिरतो. अशा वेळी नेहमीचा रविवारचा फोन, गावी जाणं, औषधपाणी विचारणं मुळीच कमी करू नका. विचारणं कमी झालं म्हणजे मुलगा दुरावला, असं त्यांना वाटता कामा नये.

आता पैशांचं. तुमच्या प्रश्नात ते नाही, पण विचारावंच लागेल. ९५ लाखांच्या घराला पात्रता असेल तर साधारण ७५ लाखांपर्यंत कर्ज मिळेल. उरलेले २० लाख, ठाण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६ लाख ६५ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा. म्हणजे २७ लाख तरी खिशातून हवेत. यातले दहा-बारा लाख बाबांचे असतील, तर त्यांचं म्हणणं हे नुसतं मत राहत नाही, आणि ‘हा आमचाच निर्णय’ म्हणणं मला तरी प्रामाणिक वाटत नाही. दोन रस्ते आहेत: त्यांच्या पैशांशिवाय जमेल एवढं लहान घर घ्यायचं, किंवा ती रक्कम भेट की उसनी हे आधीच लिहून घ्यायचं. मुलाला वडिलांनी दिलेल्या भेटीवर आयकर नाही, पण रक्कम बँकेतून यावी आणि साधं बक्षीसपत्र असावं. करारात बाबांचं नाव घालायचं ठरलं, तर बँका साधारणपणे प्रत्येक सहमालकाला सहकर्जदार करतात, आणि पुढे विकताना प्रत्येक वेळी त्यांची सही लागते. हे नवऱ्याला शांतपणे समजावून सांगा.

विचारायचं ते टोकनच्या आधी, हेही दोघांत पक्कं करा, कारण नंतर फिरण्याला किंमत आहे. नव्या प्रकल्पात महारेराच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात नाही, पण १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का कापता येतो. तुमच्या बाबतीत ते ९५ हजार होतात. बिल्डरच्या पत्रात वेगळी अट असू शकते, ती वाचूनच सही करा. आणि करार नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

दोन-तीन महिने हे करूनही छोट्या विषयांतसुद्धा निर्णय फिरत राहिले, तर दोघांनी मिळून विवाह समुपदेशकाकडे जा. पहिल्या बैठकीला सासू-सासऱ्यांना नेऊ नका.

हे सगळं नवरा अडखळतोय पण दांडगाई करत नाही, असं धरून लिहिलंय. तुमचा पगार परस्पर सासरी जात असेल, एटीएम कार्ड तुमच्या हातात नसेल किंवा धमक्या येत असतील, तर या तालमीत वेळ घालवू नका. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करून तुमच्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत कसं पोचायचं ते विचारा.