काडीची माणसं चालतील, नाक मात्र काढा

प्रश्न : मला चित्रकला अजिबात येत नाही. चार सीनच्या शॉर्टफिल्मचा स्टोरीबोर्ड काडीची माणसं काढून केला तर चालेल का? कॅमेरा अँगल कसे लिहायचे?

चालेल. फक्त गोल डोक्याला नाक काढा. हे मी पोळल्यावर सांगतोय.

आमच्या फिल्ममध्येही चारच सीन होते. भाऊ घरी येतो, कपाट उचकतो, बहिणीशी टेबलावर बोलणं होतं, निघून जातो. मी बोर्ड काढायला बसलो तर दिग्दर्शक मित्र म्हणाला, "ज्याला डोळ्यांसमोर दिसत नाही त्याने चित्रं काढावीत." मी गप्प बसलो.

तिसऱ्या सीनमध्ये भावाचा क्लोजअप सकाळी घेतला. तो उजवीकडे बघतोय. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं, म्हणून बहिणीच्या क्लोजअपला कॅमेरा टेबलाच्या पलीकडे नेला. एडिटला शॉट जोडले तर तीही उजवीकडेच बघतेय! दोघं एकमेकांशी नाही, फ्रेमबाहेरच्या तिसऱ्याशी बोलताहेत असं वाटायला लागलं. शॉट आडवा उलटवून पाहिला, तर भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे उलटे. शेवटी वाइडवर काम भागवलं. त्याचा एकच टेक होता आणि त्यात बहीण एक वाक्य अडखळली होती. फिल्ममध्ये ते तसंच आहे.

नाक असलेली काडीची माणसं काढली असती तर हे कागदावरच दिसलं असतं. भावाचं नाक उजवीकडे, तर बहिणीचं डावीकडे हवं. त्याहून खात्रीचं म्हणजे प्रत्येक सीनच्या बोर्डाशेजारी वरून दिसणारा नकाशा काढा. टेबल, दोन गोल, त्यांना जोडणारी तुटक रेघ, आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागी शॉटचा नंबर घातलेला एक 'व्ही', उघडी बाजू पात्रांकडे. सगळे 'व्ही' रेघेच्या एकाच बाजूला राहिले पाहिजेत. ऊन आलं म्हणून कॅमेरा उचलायची वेळ आली की आधी या कागदाकडे बघायचं. तसंच आधीच्या सीनची शेवटची चौकट आणि पुढच्याची पहिली शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखेच मिड शॉट असतील तर सीन बदलला हेच कळत नाही.

अँगलचं म्हणाल तर चौकटीखाली एक ओळ पुरते : '३ब, बहीण, क्लोजअप, डोळ्यांच्या पातळीवर, कॅमेरा स्थिर'. पात्र हललं तर बाण चौकटीच्या आत, कॅमेरा हलला तर बाहेर. चौकट मात्र १६:९ चीच आखा, म्हणजे ८ सेंमी रुंद आणि साडेचार उंच. चौकोनी डब्यात बसवलेली माणसं पडद्यावर तशी बसत नाहीत.

हो, मुद्दाम रेघ ओलांडता येते. एकाच शॉटमध्ये कॅमेरा फिरत पलीकडे गेला, किंवा मध्ये बरोबर रेघेवरचा एक शॉट टाकला, तर खटकत नाही. पण तसं करणाऱ्याला रेघ कुठे आहे हे माहीत असतं. आमच्या मित्राला नव्हतं, आणि तो अजूनही म्हणतो की दोष उन्हाचा होता.