स्टेरॉईडची भूक, तोंडातले फोड आणि नाकातली नळी

«ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, ब्लड कॅन्सर, बी-सेल एएलएल. आजाराआधी वजन २० किलो होतं. पहिल्या महिन्यात स्टेरॉईडवर रात्री दोन वाजता उठून वरणभात मागायचा, वजन २२.४ झालं, सासूबाई म्हणाल्या बाळ सुधारलं. स्टेरॉईड बंद झाल्यावर २०.६ वर आलं. आता मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसनंतर तोंड फोडांनी भरलंय, पाच दिवस जेमतेम दूध-पाणी, वजन १८.६. डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणतात, घरचे नको म्हणतात, चार किलो गेले तरी वाट बघू म्हणतात. मी काय करू?»

अगं, आधी ते चार किलो बाजूला ठेव. मी बरीच वर्षं लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात डाएटिशियन म्हणून काम केलंय आणि २२.४ हा आकडा बघून खूश झालेली आणि मग त्याच आकड्यामुळे घाबरलेली घरं कितीतरी पाहिलीयत. स्टेरॉईडवर वाढलेलं वजन म्हणजे बरचसं अंगात साठलेलं पाणी आणि थोडी चरबी, गाल फुगतात, पोट पुढे येतं, पण त्याच दिवसांत मांड्या आणि दंड बारीक होत असतात, कारण स्टेरॉईड स्नायू खातं. जिने चढताना तो गुडघ्यावर हात ठेवायचा का, आठवून बघ. म्हणजे तेव्हा तो सुधारलाही नव्हता आणि आता चार किलोही गेलेले नाहीत.

मोजायचं ते आजाराआधीच्या २० किलोवरून. २० चे ५ टक्के म्हणजे १ किलो, म्हणून १९ ही पहिली रेघ, तिच्या खाली गेलं की नुसतं घरचं खाणं वाढवून भागत नाही, डाएटिशियनला दाखवून कॅलरी-प्रोटीनची पावडर किंवा तयार दूध सुरू करायचं. १० टक्के म्हणजे २ किलो, म्हणून १८ ही दुसरी रेघ, तिथे बहुतेक ठिकाणी नळीचा निर्णय घेतातच. तुझा मुलगा १८.६ वर, म्हणजे ७ टक्के गेलेत, दोन रेघांच्या मधे. मग डॉक्टर आत्ताच नळीचं का म्हणतात? कारण नुसतं वजन बघत नाहीत. पाच दिवस पोटात नीट काही नाही आणि मेथोट्रेक्सेटचे फोड साधारण दीड-दोन आठवडे घेतात भरायला, पांढऱ्या पेशी वर आल्या की मगच पटकन सुकतात, म्हणजे अजून काही दिवस तो खाणार नाही हे दिसतंच आहे. १८ ची वाट बघितली तर पुढचा डोस उशिरा जाऊ शकतो, आणि कुपोषित मुलाला इन्फेक्शनही जास्त होतात. मला विचारशील तर डॉक्टरांचं बरोबर आहे.

घरच्यांना भीती कसली वाटते तेही मला माहितीय, नळी म्हणजे शेवटची अवस्था असं वाटतं. तसं नाहीये गं. ती बारीक मऊ नळी असते, नाकातून पोटापर्यंत, घालताना मिनिटभर त्रास होतो, रडतो, पण मग तोंडातल्या फोडांना न लावता दूध पोटात जातं, रात्री झोपेतसुद्धा हळूहळू देता येतं, औषधंही तिथूनच देता येतात आणि तोंडाने खायला काही बंदी नसते. तोंड बरं होऊन खायला लागला की काढतात. प्लेटलेट खूप कमी असतील तर घालताना रक्त येऊ शकतं, म्हणून रिपोर्ट बघूनच ते ठरवतील. नळी असताना एक गोष्ट कटाक्षाने कर, प्रत्येक वेळी काही घालण्याआधी नळी पोटातच आहे ना हे नर्सने शिकवलं तसं तपासायचं, उलटी झाली किंवा जोरात खोकला आला तर परत तपासायचं, शंका असली तर काही घालायचं नाही, फोन करायचा. आणि मिक्सरमधलं घरचं जेवण नळीत स्वतःहून घालू नकोस, ती तुंबते आणि त्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही.

आता तोंड. दुखणं कमी झाल्याशिवाय कितीही मऊ भात केला तरी घास जाणार नाही, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं दुखण्याचं औषध खाण्याच्या अर्धा तास आधी द्यायचं, रडायला लागल्यावर नाही. पॅरासिटामॉल मात्र मनाने देऊ नकोस, त्याने ताप झाकला जातो, आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने अजिबात नको. उकळून गार केलेल्या ग्लासभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायला लाव, गिळायचं नाही, ब्रश अगदी मऊ. खायला कोमट किंवा गार, आंबट-तिखट-कुरकुरीत नको. नाचणीची खीर, मऊ वरणभात गाळून, त्यात तूप, एका चमच्याला साधारण ४५ कॅलरी, त्याला न कळता जातात. दूध द्यायचं तर त्यात दोन चमचे दूध पावडर मिसळ, तेवढ्याच घोटात जास्त जातं. दही चालेल का ते तुमच्या वॉर्डात विचार, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. ताकदीची म्हणून फोलिक ॲसिडवाली गोळी किंवा कसला पाल्याचा रस कोणी सुचवला तर आधी डॉक्टरांना विचार, कारण मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फोलेटलाच अडवतं. हॉस्पिटल देतं ते ल्युकोव्होरिन वेगळं, ते औषधच आहे, त्याची एकही वेळ चुकवू नकोस, ते चुकलं की फोड अजून वाढतात.

स्टेरॉईड पुढच्या टप्प्यात परत येणार आहे, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते. ती भूक औषधाची असते, तो हट्टी झालेला नसतो, त्याला उपाशी ठेवायचं नाही आणि ओरडायचंही नाही. दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, आधी अंडं, पनीर, डाळ असं, मग भात. रात्रीसाठी काहीतरी करून झाकून फ्रीजमधे ठेव, देताना नीट गरम कर. फरसाण, पापड, लोणचं मात्र घरातच आणू नकोस, मिठाने बीपी आणि सूज दोन्ही वाढतात. खूप तहान लागली, सारखी लघवी व्हायला लागली तर शुगर तपासायला सांग, स्टेरॉईड आणि केमोतलं ॲस्पॅराजिनेजचं इंजेक्शन दोन्हींनी ती चढते. आणि ॲस्पॅराजिनेजनंतर पोटात जोरात दुखून उलट्या झाल्या तर ते जास्त खाल्ल्यामुळे असं समजून घरी थांबू नकोस, स्वादुपिंडाला सूज असू शकते.

त्या दिवसांत काटा फसवतो, म्हणून शिंप्याची टेप घे, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधे दंडाचा घेर मोज, दर आठवड्याला तोच हात, आणि वहीत वजनाशेजारी लिही. वजन वाढतंय पण दंड बारीक होतोय असं दिसलं तर डाएटिशियनला तीच वही दाखव.

आज रात्री जर आठ तास लघवी झाली नाही, लाळ गिळता येत नसेल, तोंडात पांढरे डाग किंवा रक्त दिसलं, किंवा ताप ३८ डिग्री (१००.४ फॅरेनहाइट) झाला तर सकाळची वाट न बघता निघ. नाहीतर उद्या ओपीडीत सासूबाईंनाच बरोबर घेऊन जा आणि नर्सला ती नळी त्यांच्या हातात द्यायला सांग, किती बारीक आहे ते त्यांना बघू दे.