लग्नानंतर आई-वडिलांसोबत राहावं की वेगळं घर घ्यावं?

प्रश्न: नाशिकला इंदिरानगरमध्ये बाबांच्या नावावर बैठं घर आहे. घरी आई, बाबा, धाकटा भाऊ. बहिणीचं लग्न झालंय. माझं दोन महिन्यांनी लग्न आहे. माझा पगार ४५ हजार, होणाऱ्या बायकोचा ३२. बाबा म्हणतात भाड्यात पैसे घालवू नका, वर मजला चढवू, १५ लाखांचं कर्ज तू काढ. जवळच टू बीएचके १२ हजार भाड्याने मिळतोय. काय करावं?

उत्तर:

मी तुमच्या जागी असतो तर आधी तो भाड्याचा फ्लॅट घेतला असता आणि मजल्याचं निदान वर्षभर पुढे ढकललं असतं. लग्नानंतर काही काळ आम्ही घरच्यांसोबतच राहिलो. मग चालत दहा मिनिटांवर घर घेतलं आणि अजून तिथेच आहोत. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहीत आहे.

पैशांचं आधी बघू. १५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १३ हजारांच्या आसपास बसतो. भाडं १२ हजार. बाबांचं म्हणणं इथेच पटायला लागतं, कारण आकडे जवळपास सारखे आणि हप्त्यातून निदान घर तरी उभं राहतं. पण ते उभं राहणार बाबांच्या जागेवर, बाबांच्या नावावर. मजला तुमच्या पैशांनी झाला म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. पुढे बाबांनी मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या हिश्शात आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण सारखेच वाटेकरी. (आजी हयात असेल तर तीही.) कर्ज मात्र एकट्या तुमच्या डोक्यावर. आज भावा-बहिणीचं कितीही गूळपीठ असो, वीस वर्षांत भावाचंही लग्न होईल, बहिणीच्या घरी अडचणी येतील, आणि ज्याने हप्ते फेडले आणि ज्याने फेडले नाहीत त्यांच्यात हा विषय निघतोच. आयकराचंही तसंच आहे. ज्या घराचे तुम्ही मालक नाही, त्याच्या कर्जावरची वजावट तुम्हाला मिळत नाही.

म्हणून मजला चढवायचाच असेल तर कागद आधी. बाबा हयात असताना घरातला ठरावीक हिस्सा तुमच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने करू शकतात. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो, तो दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात विचारून घ्या. मृत्युपत्र आणखी सोपं, पण ते बाबा कधीही बदलू शकतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर १५ लाख घालू नका. आणि हे बोलणं भाऊ-बहिणीला समोर बसवूनच करा. मागाहून कळलं तर तुम्ही आई-बाबांना फितवलं असंच त्यांना वाटेल.

दुसरी गोष्ट घराची ताकद. जुनं बैठं घर कॉलम-बीमचं आहे की भिंतींवर स्लॅब टेकलेला आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनीयरला दाखवल्याशिवाय ठेकेदाराशी दराचं बोलूच नका. भिंतींवर भार घेतलेल्या घरावर मजला चढवायचा तर खालीच मोठी दुरुस्ती निघते आणि १५ लाखांचे बघता बघता २० होतात. महापालिकेचा मंजूर नकाशाही लागेल, आणि बँक तो मागतेच.

आता भाड्याच्या घराचा हिशोब. माझ्या अंदाजाने दोघांचा किराणा, दूध, भाजी ९ हजार, लाइट-गॅस-इंटरनेट अडीच हजार, भांडी-फरशीची बाई अडीच हजार. भाडं धरून महिना २६ हजार. त्यावर आईच्या हातात ८ हजार द्यायचेच, हे मी खर्चातच धरतो. झाले ३४. एकत्र राहून घरात दोघांचे २० हजार दिले आणि १३ चा हप्ता भरला तर ३३. म्हणजे दरमहा फरक हजाराचा. खरा फरक सुरुवातीला पडतो: तीन महिन्यांचं डिपॉझिट ३६ हजार (ते परत मिळतं), एजंटचं एक भाडं, आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, भांडी मिळून लाखभर. लग्नात भेटवस्तू देणाऱ्या जवळच्या नातेवाइकांना हेच सांगा, सहा डिनर सेट जमवण्यापेक्षा बरं. अकरा महिन्यांचा करार नोंदणी करूनच घ्या. भाडेकराराची नोंदणी आपल्याकडे सक्तीची आहे आणि डिपॉझिट परत घेताना तोच कागद कामी येतो.

ह्या हिशोबात आईचे कष्ट कुठेच आलेले नाहीत. एकत्र राहिलात तर दोघांचे डबे, दुपारी येणारं कुरिअर, आजारपणातली पेज, हे सगळं त्याच करणार. मूल झालं की ते आणखी ठळक होतं, कारण पाळणाघराचे पैसे आणि आजीच्या मांडीची ऊब ह्या दोन्ही बाबतींत एकत्र घरच वरचढ ठरतं. पण आई साठीच्या पुढे असतील तर दिवसभर तान्हं मूल सांभाळणं त्यांना झेपेल का, हे गृहीत धरू नका, विचारा. आमच्याकडे मूल झाल्यावर सासू-सुनेने मिळून ठरवलं: दुपारपर्यंत आजीकडे, नंतर पाळणाघर. दहा मिनिटांच्या अंतरामुळेच ते जमलं.

भांडणाचं म्हणाल, तर मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ते पैशांवरून सुरू झालं नाही, ओट्यावरून झालं. सकाळी साडेसातला एकाच ओट्यावर दोघींचे डबे, कुकर कोणी आधी लावायचा, उरलेलं फ्रिजमध्ये की गाईला. ३२ हजार कमावणारी मुलगी संध्याकाळी सातला दमून येते आणि तिला स्वतःच्या घरात चहासुद्धा विचारून करावा लागतो. इथे कोणीच वाईट नसतं. आईंनी तीस वर्षं तो ओटा एकटीने चालवलाय, त्यांनाही तो सोडणं सोपं नाही. म्हणून पुढे मजला चढवलात तर वर स्वतंत्र स्वयंपाकघर आणि बाहेरून जिना हवाच. खर्च वाचवायला नुसत्या दोन खोल्या काढल्यात तर १५ लाख घालूनही प्रश्न तिथेच राहील.

तुमच्या प्रश्नात बाबांचं मत आहे, होणाऱ्या बायकोचं नाही. तिला ह्याच आठवड्यात भेटा आणि आकडे समोर ठेवून विचारा. ती एकुलती असेल तर तिच्या आई-वडिलांचं म्हातारपणही ह्या हिशोबात येतं. ३४ हजारांतच दोन्ही घरांची तजवीज कशी करायची, हे दोघांनी मिळून ठरवायला हवं.

बाबांशी बोलायचं ते लग्नाच्या आधी. सहा महिन्यांनी कुरबुर होऊन बाहेर पडलात तर दोष सुनेवर येतो आणि तो जन्मभर पुसला जात नाही. आज मुलगा म्हणून तुम्हीच सांगा की आम्ही जवळच राहतोय, एक तारखेला ८ हजार आईकडे येतील, रविवारचं जेवण इथेच, आणि बाबांच्या डॉक्टरच्या फेऱ्या माझ्याकडे. मजल्याला नाही म्हणू नका. इंजिनीयरचा अहवाल आणि बक्षीसपत्राचं बोलणं झालं की त्यावर बसू, असं सांगा. अकरा महिन्यांनी भाडेकराराची मुदत संपेल, तोवर ही दोन्ही कामं आरामात उरकतात.