आभार दारात मानू नका, घरी जाऊन लिहा

प्रश्न: सासरच्या नातेवाइकांकडे महिनाभर राहून आलो. नुसतं थँक्यू कोरडं वाटतं. मनापासून आभार कसे मानावेत?

'घरच्यांचे कसले आभार?' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आमच्याकडे हे वाक्य माझ्या नवऱ्याचं. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, जिने चढायला बंदी होती, म्हणून आम्ही मोठ्या दिरांच्या तळमजल्यावरच्या घरी राहिलो. पुतण्याचं परीक्षेचं वर्ष, तरी तो आपली खोली देऊन पुस्तकांसकट स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेला. रात्रीच्या गोळीला वहिनी माझ्याआधी उठायच्या. आणि एकदा सहज हात गेला तर आमच्या दाराच्या कडीला जुन्या ओढणीची चिंधी घट्ट गुंडाळलेली. कडी वाजून यांची झोप मोडू नये म्हणून. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

निघताना मी मुद्दाम काही बोलले नाही. दारात बॅगांची गडबड असते, तुम्ही तोंड उघडलंत की 'अगं, त्यात काय एवढं' येतं आणि विषय तिथेच मिटतो. घरी आल्यावर त्याच आठवड्यात वहिनींना पत्र लिहिलं. 'वहिनी, कडीला चिंधी तुम्हीच बांधलीत ना? त्यानंतर हे पहाटेपर्यंत सलग झोपायला लागले, आणि माझाही डोळा लागायला लागला.' असंच लिहायचं: त्यांनी काय केलं आणि त्याने तुमचं काय हलकं झालं. 'सगळ्याबद्दल आभार' कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. पुतण्याला वेगळी चिठ्ठी लिहिली. खोली त्याने दिली होती, आईबापांनी नाही.

'तुम्हाला फार त्रास दिला' हे मात्र लिहू नका. मग त्यांनाच 'छे, त्रास कसला' म्हणत तुमची समजूत काढावी लागते. फॅमिली ग्रुपवरही टाकू नका. तिथे बाकीचे नातेवाईक हात जोडलेल्या इमोजी टाकतात आणि ज्यांच्यासाठी लिहिलं ते अवघडतात. भेटवस्तू द्यायचीच तर नंतर कधीतरी द्या. पत्राबरोबर दिली की हिशेब चुकता केल्यासारखी दिसते.

पत्र मिळाल्यावर वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "चिंधी तुझ्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं गं." बराच वेळ बोललो आम्ही.

राहताना खटके उडाले असतील तर गोडगोड लिहू नका, खरोखर मिळालेली एकच गोष्ट लिहा, तेवढी पुरते. लिहिण्याची सवय नसेल तर फोन करा, पण गोष्ट नेमकी सांगा.

आणि ज्याचं रक्ताचं नातं आहे त्याने स्वतः लिहावं. दीर रोज कामावर जायच्या आधी यांना धरून अंघोळीला न्यायचे. त्याबद्दल माझ्या पत्रात ओळ आहे, पण ती माझी. भावाने भावाला सांगायचं ते बायकोच्या पत्रात भागत नाही, हे मी यांना तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगते.