ग्राफ फसवा आहे हे ओळखायचं कसं?

प्रश्न: पेपरातला किंवा फंडाच्या जाहिरातीतला ग्राफ आपल्याला फसवतोय हे साध्या माणसाने कसं ओळखायचं? आणि ऑफिसमध्ये मी स्वतः एक्सेलमध्ये ग्राफ करतो, तर माझ्याकडून अशी चूक होऊ नये म्हणून काय बघायचं?

मी बरीच वर्षं एका दूध संघात संकलनाचे रिपोर्ट करत होते. दर महिन्याच्या सभेत चेअरमन आणि संचालकांसमोर ग्राफ ठेवायचे असायचे, म्हणून त्यातलंच एक उदाहरण घेऊन सांगते. आकडे सोयीसाठी गोल केलेत, घडलं मात्र असंच होतं.

एका केंद्राचं रोजचं संकलन ऑक्टोबरात 9,200 लिटर होतं आणि जानेवारीत 9,800. मी एक्सेलमध्ये आकडे निवडले, उभ्या पट्ट्यांचा ग्राफ टाकला आणि प्रिंट काढली. सभेत जानेवारीची पट्टी ऑक्टोबरच्या तिप्पट उंच दिसत होती. एक संचालक म्हणाले, "ताई, एवढं दूध आलंय तर मग टँकर एकच कसा जातोय?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण खरी वाढ होती 600 लिटर, म्हणजे साडेसहा टक्के. आणि मी काही लपवायला गेले नव्हते, डावीकडचा अक्ष 8,900 पासून सुरू झालाय हे मी बघितलंच नव्हतं.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण ऑफिसमधले निम्मे फसवे ग्राफ इथूनच येतात असं माझं मत आहे. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा यांच्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या भागापेक्षा (16.67 टक्के) कमी असला की एक्सेल आपणहून अक्षाची सुरुवात शून्याच्या वर नेतं. मग छोट्या आकड्याच्या खाली त्या फरकाच्या निम्मं जातं आणि तिथे तळ धरतं. आमचा फरक 600, त्याचं निम्मं 300, 9,200 मधून 300 गेले की 8,900. आता ऑक्टोबरची पट्टी 8,900 च्या वर 300 एवढीच उरली आणि जानेवारीची 900, म्हणून तिप्पट. फरक जितका किरकोळ तितकं एक्सेल तो फुगवून दाखवतं असं म्हटलं तरी चालेल. उपाय दहा सेकंदांचा आहे, अक्षावर राइट क्लिक, `Format Axis`, तिथे `Minimum` मध्ये हाताने `0` टाइप करायचं. आधीच शून्य दिसत असलं तरी टाइप करा, म्हणजे पुढच्या महिन्यात आकडे बदलले तरी ते हलणार नाही.

हा नियम पट्ट्यांसाठी मी कधीच मोडत नाही, कारण पट्टीत डोळा लांबी मोजतो आणि खालून कापलेली लांबी म्हणजे चुकीचं माप. रेषेच्या ग्राफला मात्र शून्य सक्तीचं नाही. तापाचा तक्ता शून्य डिग्री फॅरेनहाइटपासून काढला तर 98.6 आणि 103 यांच्यात काही फरकच दिसणार नाही आणि पेशंट तापाने फणफणलेला असताना रेष सपाट दिसेल, म्हणजे तिथे शून्यच दिशाभूल करणार. रेषेत आपण चढउतार बघतो, म्हणून तिथे मी वेगळा प्रश्न विचारते, या गोष्टीत किती बदल झाला म्हणजे तो मोठा मानायचा? तापात दोन डिग्री खूप असतात, दुधात दोन टक्के रोजचेच असतात.

वाचताना काय करायचं तर पट्टीच्या डोक्यावर आकडे लिहिलेले असतात ते घ्या आणि भागाकार करा. 9,800 भागिले 9,200 म्हणजे 1.07 च्या आसपास. मग कागदाच्या कडेवर किंवा फूटपट्टीने दोन्ही पट्ट्या मोजा आणि त्यांचाही भागाकार करा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर पट्टी खालून कापलेली आहे, अक्ष छापलेला असो वा नसो. मोबाइलच्या स्क्रीनवरसुद्धा मी हे करते.

आता दोन अक्षांचं सांगते, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. त्याच सभेसाठी मला सांगितलं होतं की दुधासोबत पशुखाद्याची विक्रीही त्याच ग्राफवर दाखवा. ऑक्टोबरात 410 पोती, जानेवारीत 520. लिटर हजारांत आणि पोती शेकड्यांत, एकाच अक्षावर पोत्यांची रेष तळाला चिकटते म्हणून सगळे करतात तसं मी पोती उजवीकडच्या दुसऱ्या अक्षावर टाकली. पोत्यांमधला फरक सहाव्या भागापेक्षा जास्त होता, म्हणून एक्सेलने उजवा अक्ष शून्यापासून 600 पर्यंत धरला आणि डावा 8,900 पासून 9,900 पर्यंत. परिणाम काय, तर साडेसहा टक्के वाढलेलं दूध ग्राफच्या निम्म्याहून जास्त उंची चढून गेलं आणि 27 टक्के वाढलेली पोती जेमतेम पाचव्या भागाएवढी वर सरकली. बघणाऱ्याला वाटणार की थोडंसं खाद्य वाढवलं की दूध धडाधड वाढतं, आणि तेव्हा खाद्यावरचं अनुदान वाढवायचं का हाच विषय सभेपुढे होता. आकडे सगळे खरे आणि चित्र बरोब्बर उलटं.

दोन अक्ष असले की दोन रेषांमधलं अंतर, त्या कुठे एकमेकींना छेदतात, कोण कोणाच्या वर आहे, या कशालाच अर्थ राहत नाही, कारण एक अक्ष ताणला की छेद दुसरीकडे सरकतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, सप्टेंबर 2015 मध्ये तिथल्या संसदेच्या एका सुनावणीत स्त्रियांसाठी दवाखाने चालवणाऱ्या प्लॅन्ड पॅरेंटहूड या संस्थेबद्दल एक ग्राफ दाखवला गेला. कॅन्सर तपासण्या 2006 मधल्या सुमारे 20 लाखांवरून 2013 मध्ये 9 लाख 35 हजारांवर आल्या, तो बाण खाली. गर्भपात सुमारे 2 लाख 90 हजारांवरून 3 लाख 27 हजारांवर गेले, तो बाण वर, आणि दोन्ही बाण मध्ये एकमेकांना छेदत होते, जणू गर्भपात तपासण्यांच्या पुढे गेले. आता शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवा, 9 लाख 35 हजार आणि 3 लाख 27 हजार. तपासण्या अजूनही जवळपास तिप्पट होत्या. एकाच मापावर काढलं असतं तर त्या रेषा एकमेकींना शिवल्याही नसत्या. त्या ग्राफला उभा अक्षच नव्हता. तपासण्या कमी झाल्या हे खरं होतं, पण छेद मात्र चित्र काढणाऱ्याने आणलेला होता. त्यामुळे दोन रेषा छेदताना दिसल्या की आधी दोन्ही टोकांचे आकडे शोधा आणि त्या छेदाच्या जागी ते खरंच सारखे आहेत का ते तपासा.

स्वतः करताना मी दुसरा अक्ष काढून टाकते आणि दोन्ही मालिका पहिल्या महिन्याला 100 धरून बदलून घेते. B कॉलममध्ये दूध असेल तर शेजारच्या कॉलममध्ये हे लिहून खाली ओढायचं, पोत्यांसाठीही तसंच:

```
=B2/B$2*100
```

आता जानेवारीला दूध 106.5 आणि पोती 126.8, एकच अक्ष, आणि कोण किती वाढलं ते सरळ दिसतं. यातही एक पळवाट आहे बरं का, 100 कुठल्या महिन्याला धरायचं ते आपणच ठरवतो, आणि तो महिना वेगळाच काही असेल तर पुढची सगळी रेष त्याच्यामुळे वाकडी होते.

म्हणजे गाडी येते कालावधीवर. आमच्या त्या ग्राफमध्ये खरी गोम इथेच होती आणि ती अक्ष दुरुस्त करूनही गेली नसती. दुधाचा पुष्टकाळ आणि कृशकाळ असतो, म्हणजे जास्त दुधाचे महिने आणि कमी दुधाचे महिने. बऱ्याच म्हशी पावसाळा संपताना आणि हिवाळ्याच्या तोंडाला वितात, हिरवा चाराही तेव्हा मिळतो, म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी दूध दरवर्षी वाढतं, कोणीही काहीही न करता. दुभती जनावरं वाढली की खाद्यही जास्त खपतं. मी मागच्या वर्षीची जानेवारी काढली तर ती 9,750 निघाली. म्हणजे वर्षभरात वाढ 50 लिटरची, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आणि जानेवारी ते मे असा ग्राफ काढला असता तर हेच केंद्र बुडताना दिसलं असतं.

तुम्ही फंडाच्या जाहिरातींचं विचारलंय तिथे हीच गोष्ट सेन्सेक्सवर करून बघा. 23 मार्च 2020 ला, लॉकडाऊनच्या भीतीने बाजार कोसळला तेव्हा, सेन्सेक्स 25,981 वर बंद झाला आणि त्या वर्षाच्या शेवटी 47,751 वर. मार्चपासून मोजलं तर नऊ महिन्यांत 84 टक्के. आता त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून मोजा, 31 डिसेंबर 2019 ला तो 41,254 होता, म्हणजे वर्षभरात 16 टक्क्यांच्या आत. शेवट तोच, बाजार तोच, फक्त डावीकडची तारीख सरकवली. त्यामुळे कुठलीही चढती रेष दिसली की माझी नजर आधी डाव्या टोकाला जाते, ती रेष एखाद्या खड्ड्यातून तर सुरू होत नाहीये ना? मग सुरुवात सहा महिने मागे आणि सहा महिने पुढे नेली तर निष्कर्ष टिकतो का ते बघायचं. टिकला तर वाढ खरी. फंडांच्या जाहिरातीत 1, 3, 5 वर्षांचा आणि सुरुवातीपासूनचा परतावा द्यावा लागतो तो याच कारणासाठी, ग्राफ बाजूला ठेवून आधी ते आकडे वाचा.

ऑफिसच्या ग्राफमध्ये यावर माझा उपाय असा, की यंदाची रेष गडद आणि गेल्या वर्षीची तेच बारा महिने घेऊन फिकट, दोन्ही एकाच अक्षावर. ऋतूमुळे झालेली वाढ दोन्ही रेषांत सारखीच दिसते आणि खरा बदल दोन रेषांमधल्या फटीत दिसतो. साहेबांनी दुसरी मालिकाही हवीच म्हणून आग्रह धरला तर मी दोन अक्ष देत नाही, दोन छोटे ग्राफ एकाखाली एक लावते, महिने एका रेषेत येतील असे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात पहिला आणि शेवटचा आकडा लिहिते. त्या सभेसाठीही शेवटी मी तसंच करून पुन्हा प्रिंट दिली, आणि अनुदानाचा निर्णय पुढच्या उन्हाळ्याचे आकडे येईपर्यंत थांबला.